शटरमागची हवा आणि तीन सूत्रं

प्रश्न : आमचं धनजला कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी दुकान बंद ठेवतो, त्या वेळी शटर खाली असतं आणि आत खरिपासाठी आणलेल्या सोयाबीन बियाण्याच्या थैल्या असतात. चारच्या सुमारास शटरची आतली बाजू ६२ अंश सेल्सिअस भरली आणि आतली हवा ४२. शटर २.४ मीटर उंच, ३ मीटर रुंद आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात उभ्या तापलेल्या पत्र्यासाठी तीन सूत्रं आहेत. मी तिन्ही वापरून पाहिली, तर उष्णता-संक्रमण गुणांक अनुक्रमे २.५, ३.० आणि ३.५ असा आला. यातलं कोणतं घ्यायचं आणि कशावरून ठरवायचं? शिवाय थैल्या शटरपासून किती लांब ठेवल्या म्हणजे त्यांना ही झळ लागणार नाही?
— एक वाचक, धनज (ता. कारंजा, जि. वाशीम)

उत्तर : तुमची तिन्ही उत्तरं आकडेमोडीच्या दृष्टीनं बरोबर आहेत. प्रश्न आहे तो आकडे कोणत्या सूत्रात घालायचे, याचा. ते ठरवण्यासाठी आधी शटरमागच्या हवेचं काय होतं ते पाहू.

पंखा बंद, दार बंद, हवा स्थिर. पत्र्याला टेकलेली हवा तापते, प्रसरण पावते आणि शेजारच्या हवेपेक्षा हलकी होते. किती हलकी, तर ΔT ला सरासरी निरपेक्ष तापमानानं भागा. पत्रा ६२, हवा ४२, दोन्हींच्या मधलं तापमान ५२ अंश सेल्सिअस, म्हणजे ३२५ केल्व्हिन. २० भागिले ३२५ म्हणजे ०.०६. हवा सहा टक्के हलकी झाली. गुरुत्वत्वरणाच्या सहा टक्के, म्हणजे सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंद वर्ग, एवढा जोर तिला वर ढकलतो. वर जाणाऱ्या या हवेला दोन गोष्टी आवरतात. एक म्हणजे हवेची श्यानता, जी तिला पत्र्याशी आणि शेजारच्या स्थिर हवेशी बांधून ठेवते. दुसरी म्हणजे उष्णतेचं आडवं झिरपणं. तापलेली हवा आपली उष्णता शेजाऱ्याला देऊन टाकते आणि तिचा हलकेपणा कमी होतो.

वर ढकलणारा जोर एका बाजूला आणि आवरणाऱ्या या दोन्ही गोष्टी दुसऱ्या बाजूला ठेवल्या की एकक नसलेली एक संख्या मिळते. तोच रॅले अंक:

Ra = gβΔTL³ / (να)

इथे β म्हणजे प्रसरणांक (हवेसाठी १ भागिले निरपेक्ष तापमान), L म्हणजे पत्र्याची उंची, ν म्हणजे हवेची शुद्धगतिक श्यानता आणि α म्हणजे उष्णता किती वेगानं पसरते ते सांगणारा गुणांक. ३२५ केल्व्हिनला ν = 18.4 × 10⁻⁶ आणि α = 26.2 × 10⁻⁶, दोन्ही चौरस मीटर प्रति सेकंदात. तुमच्या शटरसाठी:

Ra = 0.604 × 13.8 / (4.82 × 10⁻¹⁰) ≈ 1.7 × 10¹⁰

सूत्रात उंचीचा घन आहे, याकडे लक्ष द्या. तापमानातला फरक दुप्पट केला तर रॅले अंक साधारण दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट. त्यामुळे सूत्र निवडताना पत्रा किती तापला यापेक्षा तो किती उंच आहे हे जास्त निर्णायक ठरतं. रुंदी तर या हिशोबात येतच नाही.

आता तुमची तीन सूत्रं घेऊ.

Nu = 0.59 Ra^(1/4), जेव्हा Ra 10⁴ ते 10⁹
Nu = 0.10 Ra^(1/3), जेव्हा Ra 10⁹ ते 10¹³

तिसरं लांबलचक सूत्र चर्चिल आणि चू यांनी १९७५ साली दिलं:

Nu = {0.825 + 0.387 Ra^(1/6) / [1 + (0.492/Pr)^(9/16)]^(8/27)}²

नुसेल्ट अंक Nu मिळाला की h = Nu·k/L. इथे हवेची उष्णतावाहकता k = 0.0282 W/m·K.

पहिल्या दोन सूत्रांतल्या घातांकांना अर्थ आहे. हवा पत्र्यालगत शांत, थरांथरांनी वर सरकत असेल तर तो स्तरीय प्रवाह. या प्रवाहात तापलेल्या हवेचा थर खालून वर जाताना जाड होत जातो आणि उष्णतेला त्या जाड थरातून झिरपावं लागतं. म्हणून पत्रा जितका उंच, तितका त्याचा सरासरी h कमी. पाव घातांक हेच सांगतो. Ra मध्ये L³ आहे, त्याचा पाव घात L^(3/4), आणि शेवटी L नं भागलं की h हा L^(-1/4) नुसार उतरतो. पुढे थर फार जाड झाला की तो स्थिर राहत नाही. त्यात भोवरे उठतात, बाहेरची गार हवा आत ओढली जाते आणि तापलेली बाहेर फेकली जाते. हा संक्षुब्ध प्रवाह. यात एक-तृतीयांश घातांकामुळे L³ चं L होतं आणि भागाकारात L निघून जातो. म्हणजे शटर अडीच मीटरचं असो की पाच मीटरचं, संक्षुब्ध भागात दर चौरस मीटरमागे उष्णता तेवढीच सुटते. तुमच्या तापमानांना हे दुसरं सूत्र कोणत्याही उंचीला ३.०३ हेच उत्तर देतं. दुसरी एखादी उंची घालून पाहा, पटेल.

दोन प्रवाहांची सीमा 10⁹ च्या आसपास धरतात. तुमच्या तापमानांना एक मीटर उंचीसाठी Ra 1.25 × 10⁹ येतो. त्यावरून उलट हिशोब केला तर 10⁹ चा टप्पा जमिनीपासून सुमारे ९३ सेंटीमीटरवर लागतो. म्हणजे शटरच्या खालच्या भागात, कमरेच्या जरा खालपर्यंत, हवा शांतपणे वर सरकते आणि वरच्या दीड मीटरभर भागात ती अस्थिर होते. ९३ सेंटीमीटरला थर साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटर जाड असतो आणि त्यातली हवा सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर वेगानं वर जाते. शटरच्या माथ्याशी पोचेपर्यंत थराची जाडी १० ते १५ सेंटीमीटर झालेली असते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर उदबत्तीचा धूर चालतो. मात्र कीटकनाशकं आणि खतं ठेवलेल्या दुकानात पेटती उदबत्ती नेऊ नका. घराच्या पत्र्याच्या उंच दाराला आतून हा प्रयोग करा. उदबत्तीचा धूर स्वतःच्या उष्णतेनंही वर जातो आणि हातभर गेल्यावर आपोआपच फिसकटतो. त्यामुळे एकाच जागी उदबत्ती धरून वरपर्यंत पाहिलं तर चुकीचा निष्कर्ष निघेल. ती वेगवेगळ्या उंचीवर पत्र्याजवळ धरा आणि प्रत्येक वेळी फक्त पहिल्या वीतभर धुराकडे पाहा. खाली तो सुतासारखा सरळ दिसेल, वर जाल तसा लगेच थरथरू लागेल.

सीमा ही रेघ नाही, पट्टा आहे. प्रवाह अस्थिर होण्याची सुरुवात 10⁹ च्या आसपास होते, पण हवेत तो पूर्ण संक्षुब्ध व्हायला 10¹⁰ पर्यंत जावं लागतं. तुमचा Ra 1.7 × 10¹⁰ म्हणजे पट्ट्याच्या नुकताच पलीकडे. म्हणून पहिलं सूत्र तुमच्यासाठी बाद. त्याची मर्यादा 10⁹ आहे आणि तुम्ही तिच्या सतरापट पुढे आहात. त्यानं दिलेलं २.५ हे उत्तर कमी पडतं, कारण वरच्या भागात भोवऱ्यांमुळे वाढलेली देवाणघेवाण त्याला माहीतच नाही. दुसरं सूत्र त्याच्या मर्यादेत बसतं आणि ३.० देतं. चर्चिल–चू सूत्र दोन्ही प्रवाह एकाच वक्रात बसवतं, त्यामुळे सीमेजवळच्या पत्र्यासाठी मी तेच घेईन: Nu सुमारे ३००, h सुमारे ३.५.

पण ३.० आणि ३.५ यांतलं एकच खरं, असं मानू नका. काही जुन्या पुस्तकांत दुसऱ्या सूत्रात ०.१० ऐवजी ०.१३ आहे आणि तो आकडा घातला तर उत्तर ३.९ येतं. ही सूत्रं प्रयोगांतल्या विखुरलेल्या बिंदूंमधून काढलेल्या रेषा आहेत. पंधरा-वीस टक्क्यांचा फरक त्यांच्या जन्मापासूनच त्यांच्यात आहे. उत्तरपत्रिकेत ३.५ लिहा, मनात मात्र ‘तीन ते चार’ धरा. उभ्या तापलेल्या पत्र्याचं पहिलं गणिती विवेचन लुडविग लॉरेन्झ यांनी १८८१ साली केलं. हवेतल्या उभ्या पत्र्याजवळचा वेग आणि तापमान थेट मोजून श्मिट आणि बेकमन यांनी १९३० साली सिद्धांताशी ताडून पाहिलं. स्तरीय प्रवाहाचं गणित तेव्हाच पक्कं बसलं. संक्षुब्ध प्रवाहाचं तसं झालं नाही, आणि तुमचं शटर नेमकं त्याच बाजूला आहे.

इथे विद्यार्थ्यांच्या दोन नेहमीच्या चुका सांगायला हव्यात, कारण त्या उत्तर पाहून ओळखू येत नाहीत. पहिली, β काढताना केल्व्हिनऐवजी सेल्सिअस घालणं. १ भागिले ३२५ ऐवजी १ भागिले ५२ केलं की Ra सहापटीहून जास्त वाढतो, पण घनमुळामुळे दुसऱ्या सूत्राचा h फक्त ५.६ येतो. स्थिर हवेत असा h असू शकतो, म्हणून शंका येत नाही. ही चूक पकडायची तर शेवटचं उत्तर न पाहता βΔT पाहा. वीस अंशांच्या फरकाला तो ०.०६ यायला हवा. ०.३८ आला तर हवा ३८ टक्के हलकी झाली असा अर्थ होईल, आणि ते शक्य नाही. दुसरी चूक ग्राशोफ अंकाची. काही पुस्तकं मर्यादा Gr मध्ये देतात, काही Ra मध्ये. Ra म्हणजे Gr गुणिले प्रांटल अंक, आणि हवेचा प्रांटल अंक ०.७ आहे. Ra च्या जागी Gr घातला तर दुसऱ्या सूत्रात h बारा टक्क्यांनी फुगतो. पाण्याला किंवा तेलाला ही चूक फार मोठी ठरली असती. हवेत ती लपून राहते.

तुमच्या भागाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर आहे, त्यानं फरक पडेल का, हाही प्रश्न पडू शकतो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा जवळजवळ पाच टक्के कमी असतो. ν आणि α दोन्ही तेवढे वाढतात आणि Ra नऊ टक्के उतरतो. पण h मधला फरक तीन टक्क्यांचाच. पुस्तकातली समुद्रसपाटीची कोष्टकं खुशाल वापरा.

मोजमापाकडे मात्र नीट पाहा. शटरचं तापमान इन्फ्रारेड बंदुकीनं मोजलं असेल आणि शटर आतून चमकदार गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं असेल तर ६२ हा आकडा खरा नसेल. ही बंदूक पृष्ठभागाची उत्सर्जकता साधारण ०.९५ धरून चालते, आणि नव्या चमकदार पत्र्याची ती ०.२ ते ०.३ असते. अशा पत्र्यावर तिला मुख्यतः समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब दिसतं आणि आकडा कमी येतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरून मोजा. हवेचं तापमान शटरपासून दोन हात लांब, मध्यावरच्या उंचीला घ्या आणि थर्मामीटरच्या शटरकडच्या बाजूला फॉइलचा आडोसा धरा. नाहीतर तो हवेबरोबर शटरची झळही मोजेल. मध्यावरची उंची यासाठी, की बंद दुकानात तापलेली हवा छताखाली साठते आणि खाली-वर काही अंशांचा फरक पडतो. शटर उन्हानं तापत असल्यामुळे त्याचं तापमानही सगळीकडे सारखं नसतं. मध्यावरचा फरक घेतला तर तीच सूत्रं पुरेशी चालतात.

आणखी एक तपासणी, हवा खरोखर स्थिर आहे का याची. बाहेर झळांचा वारा असेल आणि शटरच्या फटींतून तो आत येत असेल तर नैसर्गिक अभिसरणाचं सूत्र लागू पडेलच असं नाही. त्यासाठी gβΔTL ला वेगाच्या वर्गानं भागा. हेच Gr/Re². तुमच्यासाठी अंशस्थानी १.४५ येतं. हवेचा वेग सेकंदाला ०.३ मीटर असेल तर भागाकार १६, म्हणजे प्लावक बलाचंच राज्य. वेग १ मीटर झाला की तो दीडवर येतो आणि दोन्ही प्रकार मिसळतात. ३ मीटरला तो ०.१६ होतो. तिथे रॅले अंक बाजूला ठेवून वाऱ्याचं सूत्र घ्यायचं. म्हणून शटरच्या बाहेरच्या बाजूला हे गणित बहुतेक दुपारी चालणार नाही. आतल्या बाजूला, पंखा बंद असताना, चालेल.

आता थैल्या. h = ३.५, क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर, फरक २० अंश, म्हणजे शटर आतल्या हवेला सुमारे ५०० वॅट देतं. पण तेच शटर प्रारणानं किती देतं ते तुमच्या पत्रात नाही, आणि खरी झळ तिथे आहे. शटर आतून रंगवलेलं असेल तर उत्सर्जकता ०.९ धरा. आतल्या भिंती आणि थैल्या ४२ अंशांच्या आसपास मानल्या, तर स्टीफन-बोल्ट्झमन नियमानं प्रारणाचा समतुल्य गुणांक ७.० येतो. म्हणजे अभिसरणाच्या बरोबर दुप्पट, सुमारे १००० वॅट. तीन सूत्रांतल्या फरकामुळे तुमचा हिशोब सत्तर-ऐंशी वॅटनी इकडेतिकडे होत होता, आणि प्रारण विसरल्यामुळे हजार वॅट सुटले होते.

यावरून अंतराचंही उत्तर मिळतं. तापलेल्या हवेचा थर पंधरा सेंटीमीटरच्या आत संपतो, त्यामुळे हवेपुरतं बोलायचं तर थैल्या दोन फुटांवर सुरक्षित आहेत. प्रारण असं संपत नाही. शटरच्या मध्यासमोर अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या थैलीच्या दर्शनी भागाला समोरच्या दृश्याचा ९० टक्के भाग शटरच दिसतो. तीन मीटरवर तो २० टक्क्यांवर येतो. थैली मागे सरकवून फायदा होतो, पण त्यासाठी दुकानाच्या खोलीएवढं अंतर लागतं.

जागा नसेल तर मध्ये आडोसा घाला. शटरपासून वीतभर आत, चमकदार ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेला पडदा टांगा आणि चमकदार बाजू शटरकडे करा. फॉइलची उत्सर्जकता धूळ बसून ०.१ झाली तरी शटरकडून पडद्याकडे जाणारं प्रारण नवव्या हिश्श्याच्या आसपास येतं. वीतभर अंतर यासाठी, की पडदा शटरला चिकटला तर मधल्या पातळ हवेतून आणि जिथे टेकेल तिथून उष्णता सरळ पडद्यात जाते. पंधरा-वीस सेंटीमीटर जागा सोडली तर शटरवरचा थर मोकळेपणानं वर चढतो. पडद्याचं खालचं टोक जमिनीपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे तिथून गार हवा आत शिरेल.

शटर आणि पडद्यामधल्या फटीचं वरचं तोंड मात्र दुकानात उघडू देऊ नका. अभिसरणाचे पाचशे वॅट पडद्यानं नाहीसे होत नाहीत, ते फक्त वर जातात. शटरच्या गुंडाळीवरच्या पेटीजवळ बाहेर जाणारी जाळी किंवा झरोका असेल तर पडद्याचं वरचं टोक त्याच्या वरच्या कडेला बांधा, म्हणजे ती हवा बाहेर पडेल. झरोका नसेल तर तीच हवा छताखाली साठेल आणि संध्याकाळपर्यंत वरच्या थराच्या थैल्यांपर्यंत उतरेल. तसं असेल तर थप्पी कमी उंच लावा आणि बियाणं शटरच्या समोरच्या भिंतीलगत, लाकडी फळ्यांवर, खालच्या थरात ठेवा.